फंडिंगची कॅप्शन ग्राहकासाठी लिहिताना

फंडिंग मिळालं की बहुतेक स्टार्टअप पहिल्याच ओळीत रक्कम आणि गुंतवणूकदारांची नावं टाकतात. पण ग्राहकाला तीनच गोष्टी हव्या असतात: माझ्यासाठी काय बदलणार, कधीपासून आणि भाव वाढणार का?

समजा, पुण्यात ताजं दळलेलं पीठ घरपोच देणारी एक कंपनी आहे. तिची कॅप्शन अशी हवी:

“सकाळी ऑर्डर केलेलं पीठ आता संध्याकाळीच घरी! ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या दोन नव्या गिरण्या सुरू होतायत. भाव तेच, मासिक योजनाही तीच. या गिरण्यांसाठीच आम्ही नवा निधी उभारलाय. पुढची गिरणी कुठे हवी? कमेंटमध्ये भागाचं नाव लिहा.”

इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनचा सुरुवातीचा भागच दिसतो, बाकीचा ‘more’च्या मागे जातो. म्हणून फायदा आधी. रक्कम आणि गुंतवणूकदारांचे आभार शेवटच्या ओळीत चालतात.

“भाव तेच” ही ओळ मात्र जपून लिहा. पैसे आले की कंपनी दर वाढवेल किंवा सेवा बदलेल, अशी शंका जुन्या ग्राहकाला येतेच. दर वाढणार असतील तर ही ओळ काढा आणि नवा दर तारखेसकट सांगा.

टर्म शीटवर सही झाली म्हणजे पैसे आले असं नाही. तपासणी आणि अंतिम करार बाकी असतात, व्यवहार फिसकटूही शकतो. रक्कम खात्यात आल्यावरच पोस्ट करा. तसंच, गिरणीची जागा ठरली नसेल, तर महिना लिहू नका.

शेवटी रक्कम आणि नावं झाकून कॅप्शन वाचा. सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, तर ती पुन्हा लिहा.