नफा झाला तरी पाठवावा लागणारा ईमेल

२०२४ च्या लोकसभा निकालाचा आठवडा शेअर बाजारातल्या माणसांच्या चांगलाच लक्षात आहे. १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून २३,२६३ वर बंद झाला. मंगळवारी प्रत्यक्ष मतमोजणीत आकडे वेगळे दिसू लागले आणि तोच निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळून २१,८८४ वर आला. बुधवारी पुन्हा तीन टक्क्यांहून जास्त वर. अशा आठवड्यात दलाल पेढ्यांच्या रिस्क विभागातून एक ठराविक प्रकारचा ईमेल जातो: तुमची पोझिशन लिमिटच्या बाहेर आहे, ती कमी करा. हा ईमेल कशासाठी असतो आणि त्यात काय लिहिलेलं असतं, हे त्याच आठवड्यातलं एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू. बाजाराचे आकडे खरे आहेत, ट्रेडर आणि त्याचे सौदे मात्र मांडणीसाठी घेतलेले.

मुंबईतल्या एका पेढीत स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणारा एक डेस्क आहे. तिथल्या ट्रेडरने सोमवारी बाजार बंद होताना गुरुवारी संपणारे २२,५०० चे पुट विकले. पुट विकणं म्हणजे बाजाराच्या पडझडीचा विमा देणं. हातात प्रीमियम येतो. निफ्टी गुरुवारी २२,५०० च्या वर राहिला तर तो सगळा आपला, खाली गेला तर भरपाई आपल्या खिशातून. त्याने ४०० लॉट विकले. तेव्हा निफ्टीचा लॉट २५ चा होता, म्हणजे १०,००० युनिट.

यात धोका किती, हे रिस्क विभाग डेल्टावरून मोजतो. निफ्टी एक रुपयाने हलला की ऑप्शनची किंमत किती हलते, तो डेल्टा. सोमवारी निफ्टी २२,५०० पासून बराच वर होता, तेव्हा या पुटचा डेल्टा साधारण १५ पैसे धरू. १०,००० युनिट गुणिले ०.१५ म्हणजे १,५०० युनिट निफ्टी हातात असल्यासारखा धोका, रुपयांत साधारण साडेतीन कोटी. त्याचं लिमिट होतं १० कोटी. हे लिमिट हवेतून आलेलं नसतं. एका दिवसात बाजार पाच टक्के पडला तर या डेस्कने ५० लाखांपेक्षा जास्त गमावू नये, असं पेढीने ठरवलेलं होतं. त्यावरून १० कोटी. सोमवारी संध्याकाळी सगळं चोख होतं.

मंगळवारी दुपारी निफ्टी २१,९०० च्या आसपास धरा. ट्रेडरने तोवर एकही नवा सौदा केलेला नाही. पण २२,५०० चा पुट आता पुरता पैशात आहे आणि त्याचा डेल्टा १५ पैशांवरून ८५ पैशांवर गेलाय. साडेतीन कोटींचा धोका जागच्या जागी साडेअठरा कोटींचा झाला. ऑप्शन विकणाऱ्याचं दुखणं हेच आहे: बाजार विरुद्ध गेला की पोझिशन आपोआप फुगते, आणि नेमकी ती फुगायला नको तेव्हाच.

अशा बाजाराने घडवलेल्या उल्लंघनाला पॅसिव्ह ब्रीच म्हणतात. यात ट्रेडरची लबाडी नसते. त्याने फक्त ठरलेल्या वेळेत पोझिशन खाली आणायची असते. रिस्कवाल्यांनी १२ वाजता फोन करून तेवढंच सांगितलं. ट्रेडरने मात्र १२ वाजून ४० मिनिटांनी २१,५०० चे आणखी २०० लॉट पुट विकले. भीतीमुळे प्रीमियम फुगलेले होते. बाजाराच्या घबराटीचा मापक असलेला इंडिया व्हीआयएक्स त्या दिवशी ३० च्या वर गेला होता. असा भाव पुन्हा मिळणार नाही, हा त्याचा हिशेब. धोका २२ कोटींच्या घरात गेला, आणि उल्लंघनाची जात बदलली. त्यानंतर गेलेला ईमेल साधारण असा:

“नमस्कार. तुमच्या बुकचा निव्वळ डेल्टा १:३० वाजता सुमारे २२ कोटी आहे, मंजूर लिमिट १० कोटी. त्यातले साडेअठरा कोटी बाजाराच्या हालचालीमुळे आहेत आणि त्याबद्दल १२ वाजता फोनवर कळवलं होतं. उरलेले साधारण साडेतीन कोटी १२:४० च्या नव्या विक्रीमुळे आहेत. ही विक्री लिमिट ओलांडलेलं असताना, सूचना मिळाल्यानंतर झाली आहे, म्हणून ती ॲक्टिव्ह ब्रीच म्हणून नोंदवत आहे. ३ वाजेपर्यंत डेल्टा १० कोटींच्या आत आणावा. फ्युचर्स विकून की पुट परत घेऊन, ते तुम्ही ठरवा. तोवर नवी ऑप्शन विक्री बंद. ३ वाजता लिमिटच्या बाहेर असल्यास रिस्क डेस्क स्वतः फ्युचर्स विकेल. १२:४० च्या सौद्याचं लेखी कारण आजच पाठवावं. प्रत: डेस्क प्रमुख, कम्प्लायन्स.”

या ईमेलमध्ये नफा-तोट्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि माझ्या मते त्याचं सगळं बळ तिथेच आहे. बारा कोटींचा डेल्टा कमी करायला साधारण २१९ लॉट फ्युचर्स विकावे लागतात. बुधवारी निफ्टी ७३६ अंकांनी वर गेला. ते फ्युचर्स बुधवार संध्याकाळपर्यंत ठेवले असते, तर त्यांच्यावर ४० लाखांच्या आसपास तोटा झाला असता. गुरुवारी निफ्टी २२,८२१ वर बंद झाला, दोन्ही पुट शून्यावर संपले. म्हणजे ट्रेडरने ईमेल धुडकावला असता तर सगळा प्रीमियम खिशात राहिला असता. रिस्कवाल्यांनी डेस्कचं नुकसान केलं, हे त्याचं म्हणणं त्या आठवड्याच्या हिशेबात खरं ठरतं.

पण मंगळवारी दुपारी बुधवार कोणाला माहीत होता? बाजार आणखी पाच टक्के पडला असता तर २२ कोटींवर एक कोटी दहा लाख गेले असते. पडताना डेल्टा आणखी वाढतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. पेढीने सोसायचं ठरवलं होतं ५० लाख. ट्रेडरने पेढीच्या वतीने, पेढीला न विचारता, दुपटीहून मोठी पैज लावली होती. ती जिंकली म्हणून ती लावायचा अधिकार त्याला मागाहून मिळत नाही.

असा नफा खपवून घेतला की पुढे काय होतं, याची नोंद फ्रान्समध्ये आहे. सोसिएते जनरल बँकेचा ट्रेडर जेरोम केर्व्हिएल २००७ च्या अखेरीस आपल्या लपवलेल्या सौद्यांवर सुमारे १.४ अब्ज युरो नफ्यात होता. त्याच्या व्यवहारांबद्दल बँकेच्या आतून-बाहेरून सत्तरहून अधिक इशारे आले होते. त्यांत २००७ च्या नोव्हेंबरमधली युरेक्स या एक्स्चेंजची विचारणाही होती. प्रत्येक वेळी त्याने काहीतरी खुलासा दिला आणि तो मान्य झाला. २००८ च्या जानेवारीत पोझिशन जवळजवळ ५० अब्ज युरोंवर गेली आणि ती मोडताना बँकेला ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला. त्याने खोटे सौदे दाखवून हे झाकलं होतं, आपल्या उदाहरणातल्या ट्रेडरने तसं काही केलेलं नाही. पण इशारा आला, उत्तर आलं, फाइल बंद झाली, हा क्रम ओळखीचा आहे. म्हणून ईमेलमध्ये वेळ, आकडा आणि न पाळल्यास कोण काय करणार, हे लिहिलेलं असावं लागतं. “कृपया काळजी घ्यावी” एवढ्यावर संपणारा इशारा ट्रेडर वाचून बाजूला सारतो.

ट्रेडरलाही एक रस्ता होता, आणि तो बहुतेक पेढ्यांत असतो. निकालाच्या आठवड्यात प्रीमियम फुगणार हे त्याला आधीच दिसत होतं. शुक्रवारी, ३१ मेला, त्याने तात्पुरतं वाढीव लिमिट लेखी मागायला हवं होतं: किती कोटी, कुठल्या तारखेपर्यंत, पाच टक्क्यांच्या पडझडीत किती तोटा, आणि तो कुठल्या फ्युचर्सने किंवा लांबच्या स्ट्राइकचे पुट विकत घेऊन अडवणार. रिस्क कमिटीने कदाचित १५ कोटी दिले असते, कदाचित नकार दिला असता. १५ कोटी मिळाले असते तरी मंगळवारचे साडेअठरा कोटी त्याबाहेरच होते, पण तेव्हा विकायचे फ्युचर्स निम्म्याहून कमी राहिले असते, आणि १२:४० ला नवे पुट विकण्याऐवजी तो हेज वाढवत बसला असता.