कंपनी गुंडाळली म्हणजे शेतकऱ्याचे येणे कोठे उभे राहते?

शेतकरी आपला माल पुष्कळदा गिरणीला उधारीवर देतो. गिरणी जर कंपनी असेल व ती बुडाली, तर तिची जमीन, यंत्रे व शिल्लक माल विकून देणी भागविली जातात. या कामास अवसायन म्हणतात व ते पाहणाऱ्या अधिकाऱ्यास अवसायक म्हणतात. विक्रीतून आलेला पैसा सर्वांस सारखा वाटला जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ हिच्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम ठरवून दिलेला आहे. वरच्या पायरीचे येणे पुरे भागल्याखेरीज खालच्या पायरीस एक पैसाही मिळत नाही. एका पायरीवरील सर्वांस पुरेल इतकी रक्कम नसेल, तर ती त्यांच्यात येण्याच्या प्रमाणात वाटली जाते.

पहिल्या पायरीवर या कामकाजाचा खर्च येतो. दुसऱ्या पायरीवर कामगारांचे मागील २४ महिन्यांचे येणे व तारण घेऊन कर्ज देणारी बँक ही दोन्ही एका रांगेत उभी असतात. मात्र बँकेने आपले तारण सामाईक विक्रीसाठी सोडलेले असले पाहिजे. तिने ते स्वतंत्रपणे विकले व तरीही काही येणे राहिले, तर ते पाचव्या पायरीवर जाते. तिसरी पायरी कारकून आदी इतर नोकरांच्या १२ महिन्यांच्या पगाराची, चौथी विनातारण कर्ज देणाऱ्यांची व पाचवी सरकारी देण्यांची असते. बाकीची सर्व देणी सहाव्या पायरीवर येतात आणि उधारीवर माल देणारा शेतकरी सामान्यतः येथेच असतो. त्याच्याही खाली अग्रहक्क भागधारक व सर्वांत शेवटी साधारण भागधारक असतात.

हिशेबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. समजा, सोयाबीनच्या एका तेल गिरणीची मालमत्ता विकून ३ कोटी रुपये आले. त्यातून खर्चाचे २० लाख गेले व २ कोटी ८० लाख उरले. कामगारांचे येणे ४० लाख व तारण सोडलेल्या बँकेचे ३ कोटी १० लाख, म्हणजे दोहोंचे मिळून साडेतीन कोटी आहे. म्हणून प्रत्येकास रुपयास ८० पैसे मिळतील. कामगारांस ३२ लाख व बँकेस २ कोटी ४८ लाख. येथेच पैसा संपला. शेतकऱ्यांचे ५० लाख पुरे बुडाले.

आता तीच मालमत्ता साडेचार कोटींस विकली गेली असे धरू. खर्च, कामगार व बँक यांचे पुरे भागून ८० लाख उरतात. त्यातून नोकरांचे १० लाख, विनातारण कर्जाचे ३० लाख व सरकारचे २० लाख दिल्यावर २० लाख राहतात. सहाव्या पायरीवर शेतकऱ्यांचे ५० लाख व व्यापाऱ्यांचे ३० लाख असे ८० लाखांचे येणे आहे. म्हणून रुपयास २५ पैसे, म्हणजे शेतकऱ्यांस साडेबारा लाख रुपये मिळतील. भागधारकांच्या वाट्यास मात्र काहीच येणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या मालाची थकलेली किंमत सहाव्या पायरीवर येते, परंतु त्याच भागाची रक्कम शेवटच्या पायरीवर जाते.

विकलेला माल व केवळ ठेवलेला माल यांत मोठा भेद आहे. विक्री होऊन ताबा दिलेला माल कंपनीचा झाला. त्याची किंमत थकली असली तरी शेतकरी केवळ धनको ठरतो. परंतु गोदामात फक्त साठवणीसाठी ठेवलेली पोती शेतकऱ्याचीच राहतात. ती अवसायनाच्या मालमत्तेत मोडत नाहीत, म्हणून ती वाटपाच्या रांगेत न जाता मालकास परत मागता येतात. कोणता माल कोणत्या प्रकारचा, हे कागदावरून ठरते. काटापट्टीवर नुसते वजन असले तर वाद उद्‌भवतो. यास्तव साठवणीच्या पावतीवर “विक्री नव्हे, साठवणीसाठी” असे शब्द, मालकाचे नाव, पोत्यांची संख्या व तारीख लिहून घ्यावी. विक्रीच्या पावतीवर दर, एकूण किंमत व किंमत देण्याची तारीख असावी.

अवसायकाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. तीत दिलेल्या मुदतीच्या आत ठरावीक नमुन्यात पावत्यांसह आपला दावा दाखल करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही नोटीस गावात वाचून दाखवावी, कारण सहाव्या पायरीपर्यंत पैसा पोहोचला तरी ज्याचा दावा दाखल नाही त्यास त्यातून वाटा मिळणे कठीण होते.

सहकारी संस्थांस मात्र हा क्रम लागू नाही. त्यांचे अवसायन सहकारी कायद्याखाली होते. म्हणून माल देण्यापूर्वी खरेदीदार कंपनी आहे की सहकारी संस्था, हे तिच्या पावतीवरील नावावरून पाहून घ्यावे. कंपनी असेल, तर तिच्या यंत्रांवर व जमिनीवर बँकेचे किती कर्ज आहे याची चौकशी करावी. ते कर्ज मालमत्तेच्या किमतीइतके असेल, तर कंपनी बुडाल्यास सहाव्या पायरीपर्यंत पैसा पोहोचण्याची आशा धरू नये व माल रोखीनेच द्यावा.