टेम्पोचं भाडं देण्याआधी मीटरशी हिशोब जुळवा

तायांनो, मागच्या महिन्यात मुरबाडच्या एका गटाने पापड-मसाल्याचा माल भाड्याच्या टेम्पोने पोचवला. आधी कल्याण, मग डोंबिवली, शेवटी ठाणे आणि परत मुरबाड. भाडं ठरलं होतं किलोमीटरला २० रुपये. टेम्पोवाल्या दादांनी ११७ किलोमीटर सांगितले, कोषाध्यक्ष ताईंच्या वहीत मात्र ११० भरले. "ताईंची बेरीज चुकली" असं काहीजणी म्हणू लागल्या, तर काहींना दादांचा संशय आला. आम्ही वही उघडून बसलो.

सोबत गेलेल्या ताईने प्रत्येक ठिकाणी पोचताना आणि निघताना, दोन्ही वेळा मीटरचा आकडा लिहिला होता:

मुरबाड ते कल्याण: ४८६१२ ते ४८६४१ = २९
कल्याण ते डोंबिवली: ४८६४१ ते ४८६४९ = ८
डोंबिवली ते ठाणे: ४८६५६ ते ४८६७७ = २१
ठाणे ते मुरबाड: ४८६७७ ते ४८७२९ = ५२

चारही टप्प्यांची बेरीज ११०. ताईंचं बरोबर. आता शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करा: ४८७२९ वजा ४८६१२ म्हणजे ११७. दादांचंही बरोबर! मग ७ किलोमीटर कुठे गेले?

प्रत्येक टप्पा जिथे संपला, त्याच आकड्यावर पुढचा सुरू झाला का, ते बघा. डोंबिवलीला पोचताना ४८६४९ होते, निघताना ४८६५६. माल उतरत असताना गाडी ७ किलोमीटर फिरली होती. विचारल्यावर दादा म्हणाले, "गॅस भरायला गेलो होतो." ही फेरी कोणाच्या खर्चात धरायची, ते आधी ठरलंच नव्हतं. शेवटी दादांनी ते १४० रुपये सोडले. पुढच्या वेळी ही गोष्ट निघण्याआधीच बोलून घ्या.

निघतानाचा आकडा लिहिला नसता, तर डोंबिवली ते ठाणे २८ किलोमीटर दिसले असते. बेरीज बरोबर ११७ जुळली असती आणि ती फेरी कळलीच नसती. म्हणून नुसती बेरीज जुळली की झालं, असं समजू नका. मधला एखादा आकडा चुकीचा लिहिला, तर एक टप्पा वाढतो आणि पुढचा तेवढाच कमी होतो, एकूण तेच राहतं. प्रत्येक टप्पा नेहमीच्या अंतराशी ताडून बघा. एक-दोन किलोमीटरचा फरक चालतो, पण कल्याण ते डोंबिवली १८ दिसलं तर आकडा पुन्हा तपासा.

आकडा गाडीच्या मुख्य मीटरवरचाच घ्या. त्याच्याजवळचा ट्रिप मीटर बटण दाबून शून्य करता येतो. जुन्या मीटरमध्ये शेवटचा आकडा वेगळ्या रंगात असेल, तर तो बहुधा किलोमीटरचा दहावा भाग असतो, तो सोडून द्या.

आकडा लिहिला की लगेच दादांनाही दाखवा. घरी आल्यावर वाद राहत नाही.