डेटा शीटवरच्या तीन आकड्यांपैकी कामाचा कोणता?

पुण्यात चालणाऱ्या एका पेट्रोल गाडीसाठी ५डब्ल्यू-३० ग्रेडची दोन ऑइल समोर आहेत, असे धरू. पहिल्याच्या डेटा शीटवर पोअर पॉइंट उणे ४२ अंश, फ्लॅश पॉइंट २३२ अंश आणि नोअ‍ॅक १४ टक्के; दुसऱ्यावर अनुक्रमे उणे ३६, २२६ आणि ९. पहिले दोन आकडे पाहिले तर पहिले ऑइल सरस वाटते. तरी घ्यावे दुसरे. पोअर पॉइंट काढताना बरणीतले ऑइल थंड करत दर तीन अंशांनी ती कलती करून पाहतात. आडवी धरूनही पाच सेकंद ऑइल हलले नाही, की त्याच्या तीन अंश वरचे तापमान हा पोअर पॉइंट. स्टार्टर त्या थंडीत इंजिन फिरवू शकेल का, पंप ते ऑइल ओढेल का, हे यातून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत आणि उणे ३० ला क्रँकिंगची, उणे ३५ ला पंपिंगची मर्यादा पाळली तरच ‘५डब्ल्यू’ ही ग्रेड लावता येते. पुण्यात पारा शून्याखालीही जात नाही. लडाखमध्ये गाडी चालवणाऱ्यानेही ग्रेडच पाहावी.

नोअ‍ॅक चाचणीत ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती टक्के वजन उडाले ते मोजतात. पिस्टन रिंगांपाशी ऑइलचा पातळ थर असाच तापतो. हलका अंश उडतो, मागे राहिलेले दाट होते आणि डिपस्टिकवरची पातळी उतरते. कोणी म्हणेल, फ्लॅश पॉइंटही वाफेचाच ना? खरे आहे, पण उघड्या कपावर ज्योत फिरवताना पहिली वाफ कधी भडकते एवढेच तो सांगतो. थोडासा हलका घटकही तो आकडा खाली आणतो. एकूण किती उडेल हे त्यातून ठरत नाही. साठवण-वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी तो हवा, आणि वापरलेल्या ऑइलमध्ये तो घसरला तर इंधन मिसळल्याचा संशय घ्यावा. नव्या डब्याची निवड त्यावर करू नये.

इंजिनातले सगळे ऑइल २५० अंशांना कुठे पोचते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ९ टक्के म्हणजे ९ टक्के ऑइल जळणार, असा हिशेब मांडू नये. आकडा तुलनेपुरता, तोही एकाच ग्रेडमध्ये. एखाद्या टक्क्याच्या फरकाला अर्थ नाही, पाच टक्क्यांच्या आहे. रिंगा झिजल्या असतील तर मात्र कोणतेही ऑइल पातळीतली घट थांबवणार नाही. शीटवर नोअ‍ॅक दिलाच नसेल तर स्पेसिफिकेशन पाहा: एपीआय एसपीमध्ये ५डब्ल्यू-३० ला कमाल १५ टक्के, एसीईए ए३/बी४ मध्ये १३. मॅन्युअलमधली ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळले नाही, तर नोअ‍ॅक कितीही कमी असला तरी तो डबा घेऊ नका.