काचेत उभा राहिलेला छायाचित्रकार

पैठणीच्या दुकानाचा दर्शनी फोटो काढायचा म्हटलं की बहुतेक जण दुपारची लख्ख उन्हाची वेळ निवडतात. मोठी काच, आत पुतळ्यांना नेसवलेल्या तीन पैठण्या, वर दुकानाची पाटी. फोटो घरी मोठा करून पाहिला की मधल्या पैठणीवर एक काळपट आकृती उभी असते. दोन्ही कोपर बाहेर आलेले, चेहऱ्यासमोर कॅमेरा. तिच्याकडे रागाने न बघता जरा निरखून पाहावं, कारण पैठणी सगळ्यात स्वच्छ दिसते ती नेमकी त्या आकृतीच्या आत. पदरावरचे मोर, काठाची जर, निऱ्यांची घडी, सगळं तिथे उमटलेलं असतं. आकृतीची कड संपली की तीच पैठणी धुरकट होते.

असं का होतं, ते कळलं की अर्धं काम झालं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, समोरून पाहिलं असता, सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण उन्हात उभी असलेली समोरची इमारत दुकानाच्या आतल्या उजेडापेक्षा सहज पन्नास ते शंभरपट उजळ असते. तिचे ८ टक्के म्हणजे आतल्या उजेडाच्या चौपट ते आठपट. पैठणीवर हा परका उजेड पांघरला जातो. छायाचित्रकार मध्ये उभा राहिला की तो समोरच्या इमारतीचा तेवढा भाग अडवतो. तो स्वतः दुकानाच्या बाजूने सावलीत असतो, म्हणून तेवढ्या जागी परका उजेड पोचत नाही आणि आतलं खरं दृश्य दिसतं. म्हणजे काचेतली आपली आकृती हा फोटोवर पडलेला डाग नव्हे. प्रतिबिंबाला पडलेलं ते भोक आहे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. फोटो काढताना गडद, बिनचौकड्याचे कपडे घालावेत. पांढरा शर्ट घालून आपणच उन्हात उभे राहिलो, तर भोक राहत नाही. उलट शर्टाचा उजेड आणि त्याच्या सुरकुत्या पैठणीवर चढतात. ते नंतर काढणं फार कठीण जातं.

काचेवर सावली पडलेली असली की प्रतिबिंबाची भीती नाही, अशीही एक समजूत आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या काचेवर हिवाळ्यात दिवसभर ऊन येत नाही. पण त्याच्या समोरच्या इमारतीचं तोंड दक्षिणेला असतं आणि ती दिवसभर उन्हात न्हालेली असते. काचेत उतरते ती तीच. तेव्हा दुकानाकडे बघण्याआधी दुकानाकडे पाठ करून उभं राहावं आणि समोर काय उजळलं आहे ते बघावं.

आपली आकृती लहान दिसावी म्हणून मागे सरकत जाण्याचा मोह होतो. त्याने उपयोग होत नाही. आपण काचेपुढे जितके अंतरावर, तितकेच आपलं प्रतिबिंब काचेमागे. त्यामुळे काचेवर ते नेहमी आपल्या निम्म्या मापाचं पडतं. साडेपाच फुटी माणूस काचेवर पावणेतीन फूट जागा घेतो, मग तो सहा फुटांवर असो की वीस फुटांवर. हाच हिशेब काळ्या कापडालाही लागू पडतो. कॅमेऱ्याच्या रेषेत काळं कापड धरून, त्यातल्या छिद्रातून लेन्स बाहेर काढून फोटो घेतला, तर सगळ्या काचेवरच ते भोक पसरतं आणि आतलं स्वच्छ दिसतं. पण कापड काचेच्या दुप्पट रुंद लागतं. तीन फुटी शोकेसला सहा फूट कापड दोघांनी धरलं की काम होतं. दहा फुटी काचेला वीस फूट कापड भर बाजारात कोण धरणार?

अशा मोठ्या काचेसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो बाजूला उभं राहण्याचा मार्ग. आपल्या डोळ्यापासून काचेवर जिथे काटकोनात रेषा पोचते, तिथेच आपल्या कॅमेऱ्याचं प्रतिबिंब असतं. दुसरीकडे कुठे ते असूच शकत नाही. ती रेषा काचेऐवजी शेजारच्या भिंतीवर पडली, तर प्रतिबिंब पडायला जागाच उरत नाही.

दहा फूट रुंद काच आणि तिच्या डावीकडे भिंतीचा खांब आहे असं धरू. काचेच्या कडेपासून एक फूट डावीकडे, त्या खांबासमोर उभं राहायचं. आपलं अंग काचेच्या रेषेत दोन्ही बाजूंना पाचसहा इंच पसरतं, म्हणून एक फूट पुरतो. आता कॅमेरा दुकानाकडे वळवायचा नाही, इथेच बहुतेकांचा हात चुकतो. वळवला की काचेची वरची आणि खालची कड तिरपी धावू लागते. कॅमेऱ्याची पाठ काचेला समांतर ठेवायची आणि समोर खांबच बघायचा. लेन्स इतकी रुंद हवी की उजवीकडे अकरा फुटांपर्यंतचं सगळं फ्रेममध्ये यावं. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरची लेन्स असेल तर तेरा फुटांवरून हे साधतं. मोबाईलच्या सर्वांत रुंद लेन्सने आठनऊ फुटांवरूनही जमतं, त्यामुळे अरुंद पेठेत मोबाईल कामी येतो. मग फोटोची डावी बाजू कापून टाकायची. उरतं ते समोरून काढल्यासारखं दुकान, आणि त्यात आपण नाही. स्थापत्याचे फोटो काढणारे जी शिफ्ट लेन्स वापरतात, ती हेच काम फोटो न कापता करते.

याची किंमत आहे. निम्मा फोटो फुकट जातो, उजव्या टोकाच्या वस्तू थोड्या ताणल्या जातात, आणि पुतळे जरा बाजूने दिसतात. ते चालणार नसेल तर समोरच उभं राहावं, पण दोन काचांमधल्या उभ्या पट्टीच्या अगदी समोर. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून दहा सेकंदांचा टायमर दाबायचा आणि आपण चालत दूर व्हायचं. मग कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पट्टीवर हरवतं आणि ट्रायपॉडच्या पायांच्या बारीक रेषा तेवढ्या उरतात.

पोलरायझर फिल्टरचं नाव इथे हमखास निघतं. काचेवरून परतणारा प्रकाश वेगळा असतो, हे मुळात खिडक्यांच्याच काचांवर सापडलं. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, आणि स्फटिक फिरवताच त्याची चमक बदलली. पण हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो तो काचेच्या लंबापासून सुमारे ५६ अंशांवर. अगदी समोरून तो शून्य असतो, आणि आपलं स्वतःचं प्रतिबिंब तर नेहमी समोरच असतं. म्हणून स्वतःला पुसायला पोलरायझर निरुपयोगी. शिवाय हल्लीच्या दुकानांच्या टफन्ड काचेवर त्यातून काळपट ठिपक्यांची नक्षी उठते.

सूर्य मावळल्यावर पंधरावीस मिनिटांनी आतले दिवे बाहेरच्या उजेडावर मात करतात आणि आकृती आपोआप विरते. वेळ हातात असेल तर याच्यासारखा उपाय नाही. फक्त समोरच्या दुकानाची दिव्यांची पाटी काचेत येते का, तेवढं पाहावं.

आणि फोटो आधीच काढून झाला असेल तर? पहिला विचार येतो तो शेजारचा भाग उचलून आकृतीवर चिकटवण्याचा. पैठणीवर हे करू नये. बुट्टे एका ठरलेल्या अंतराने विणलेले असतात, काठाची नक्षी क्रमाने चालते. चिकटवलेला तुकडा तो क्रम मोडतो, आणि जी पैठणी दुकानात नाहीच ती फोटोत तयार होते. शिवाय आकृतीच्या आतली पैठणी तर खरी आणि स्वच्छ आहे, मग ती झाकायची कशाला? तिथे कमी पडला आहे तो फक्त समोरच्या इमारतीचा उजेड. तो परत घालावा.

फुकट मिळणाऱ्या `GIMP` मध्ये हे असं करता येतं. `Layer > New Layer...` मधून काळ्या रंगाने भरलेला नवा थर घ्यायचा आणि त्याचा `Mode` बदलून `Addition` करायचा. काळा रंग म्हणजे शून्य उजेड, म्हणून फोटोत काहीच फरक पडत नाही. आता आकृतीच्या लगत बाहेर, दुकानातली अगदी अंधारी जागा शोधायची, उदाहरणार्थ दोन पुतळ्यांमधली काळोखी फट. तिथे दुकानातून उजेड जवळजवळ येत नसल्याने जो रंग दिसतो, तो जवळपास निव्वळ प्रतिबिंबाचाच असतो. समोरची भिंत क्रीम रंगाची असेल तर तो मातकट करडा निघेल. तो उचलून नव्या थरावर आकृतीच्या आत भरायचा.

कडा मऊ हव्यात. कॅमेरा बारा फुटांवर, पैठणी काचेमागे दोन फूट. फोकस असतो चौदा फुटांवरच्या पैठणीवर, आणि आपलं प्रतिबिंब मात्र चोवीस फुटांवर. म्हणून आकृतीची कड मुळातच थोडी पुसट असते. कठीण ब्रशने भरलं की भोवती उजळ किंवा काळी रेघ उमटते. ती दिसली की ब्रश आणखी मऊ घ्यावा.

दोन ठिकाणी हे अडतं. आकृतीबाहेरची काच पार पांढरी झाली असेल तर तिथे पैठणी नोंदलीच गेलेली नाही, आणि आत उजेड घालून दोन्हीकडे सारखं पांढरं करण्यात अर्थ नाही. म्हणून दुकानासमोरून हलण्याआधी हिस्टोग्रामचं उजवं टोक पाहून घ्यावं. दुसरी अडचण समोरच्या इमारतीवर पाटी, गज किंवा खिडक्या असल्या की येते. सपाट रंग भरला की प्रतिबिंबातली पाटी आपल्या खांद्याशी येऊन तुटते. त्यासाठी मूळ फोटो काढून झाल्यावर तिथेच मागे वळून समोरच्या इमारतीचाही एक फोटो घ्यावा. तो `Layer > Transform > Flip Horizontally` ने उलटवायचा, थोडा धूसर आणि बराच गडद करायचा, आणि `Addition` थरात आकृतीपुरता ठेवायचा. इमारतीचं तोंड सपाट असल्याने तो लहानमोठा करून आजूबाजूच्या प्रतिबिंबाशी जुळतो. जुळवताना पाटीवरची अक्षरं उलटी आली आहेत ना, ते पाहावं. सरळ वाचता आली तर थर उलटवायचा राहिला आहे.