बॅटरी तीन महिन्यांत गेली. डीलरला काय लिहाल?

नव्या मोटरसायकलची बॅटरी तिसऱ्याच महिन्यात बसली की शोरूममध्ये बहुधा दोन कारणं ऐकायला मिळतात: गाडी बरेच दिवस उभी असेल, नाहीतर तुम्ही बाहेरून लाइट, हॉर्न बसवला असेल. दोन्ही कारणांनी बॅटरी खरोखरच उतरते, त्यामुळे तोंडी वाद घालून काही निघत नाही. उत्तर जॉब कार्डवर असतं. ते ईमेलमध्ये तारखांसह मांडावं.

समजा, गाडी 10 जूनला ताब्यात आली. 9 जुलैच्या पहिल्या सर्व्हिसला मीटरवर 610 किलोमीटर होते, 20 ऑगस्टच्या दुसऱ्या सर्व्हिसला 1,840. म्हणजे मधल्या सहा आठवड्यांत गाडी रोज सरासरी 30 किलोमीटरच्या आसपास धावली. ती उभी नव्हती, हे वर्कशॉपच्याच कागदावर आहे. दुसऱ्या सर्व्हिसला ‘सकाळी सेल्फ जड फिरतो’ ही तक्रार लिहून घेतलेली असेल, तर ती ओळ ईमेलमध्ये जशीच्या तशी उतरवा. बॅटरी बंद पडण्याआधीच डीलरला कळवलं होतं, हे तिच्यामुळे सिद्ध होतं.

मजकूर असा ठेवता येईल:

‘10 जून रोजी घेतलेल्या माझ्या गाडीची बॅटरी 5 सप्टेंबरला पूर्ण बंद पडली. दोन्ही सर्व्हिस आपल्याकडेच वेळेवर झाल्या आहेत. 20 ऑगस्टच्या जॉब कार्डवर सेल्फची तक्रार नोंदलेली आहे. गाडीला बाहेरचं कोणतंही विजेचं उपकरण बसवलेलं नाही. कृपया बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही तपासून लेखी अहवाल द्यावा आणि दोष आढळल्यास वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदल करून द्यावा.’

यातलं ‘चार्जिंग’ गाळू नका. नुसती बॅटरी बदलून मागणं मला अपुरं वाटतं. पूर्ण चार्ज केलेली चांगली बारा व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावरही 12.6 व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवते. चार्ज करूनही ती साडेदहाच्या आसपास अडकली, तर सहापैकी एक सेल गेल्याची दाट शक्यता असते. मात्र इंजिन थोडं रेस केल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळत नसतील, तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा चार्जिंग कॉइलमध्ये असू शकतो. अशा गाडीत दुसरी नवी बॅटरीही टिकणार नाही. शिवाय बॅटरीची वॉरंटी अनेकदा तिच्या कंपनीची, तर रेग्युलेटरची गाडीच्या कंपनीची असते. अहवाल लेखी हवा तो यासाठीच.

बिल, दोन्ही जॉब कार्डं, वॉरंटी कार्ड आणि बॅटरीवरच्या क्रमांकाचा फोटो जोडा. उत्तर आलं नाही, तर हाच ईमेल गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं.