एका वेळी किती नोंदी?

प्रलंबित नोंदी हजारोंच्या संख्येने साचल्या की त्या एकेक करून निपटायच्या, सगळ्या एकदम उचलायच्या की ठरावीक आकाराच्या बॅचमध्ये, हे आधी ठरवावे लागते. बॅचचा आकार म्हणजे डेटाबेसमधून एका वेळी उचलायच्या आणि एकत्रच कायम करायच्या नोंदींची संख्या. ती बहुधा सवयीने १,००० धरली जाते. रेल्ससारख्या लोकप्रिय फ्रेमवर्कमध्ये तोच आकडा ठरवून दिलेला असल्याने त्याच्या योग्यतेबद्दल कोणी विचारही करत नाही. कामाच्या थोड्या मोजमापावरून तो काढला, तर पुष्कळदा वेगळाच येतो.

उदाहरण म्हणून पाणीपट्टीचा भरणा घेऊ. बँकेकडून रात्री ६०,००० ऑनलाइन भरण्यांची यादी येते. प्रत्येक नोंदीचे ग्राहक खाते शोधायचे, थकबाकीतून रक्कम वजा करायची आणि नोंदीची स्थिती ‘पेंडिंग’वरून ‘पूर्ण’ करायची, एवढेच काम. समजा, एका नोंदीला २ मिलिसेकंद लागतात. शिवाय डेटाबेसकडे जाणे-येणे आणि शेवटी बदल डिस्कवर कायम करणे, म्हणजे कमिट, याला दर बॅचमागे २० मिलिसेकंद लागतात. मग बॅच एका नोंदीची असो वा हजाराची.

एकेक नोंद घेतली तर दर नोंदीला २२ मिलिसेकंद, म्हणजे एकूण २२ मिनिटे लागतात. दहा-दहा घेतल्या तर तेच काम ४ मिनिटांत होते. पन्नासच्या बॅचला १४४ सेकंद, शंभरच्या बॅचला १३२, पाचशेच्या बॅचला १२२ आणि पाच हजारांच्या बॅचला १२० सेकंद लागतात. मोठा फायदा पहिल्या काही पायऱ्यांवरच मिळून जातो. वरचा २० मिलिसेकंदांचा खर्च शंभर नोंदींत वाटला गेला की दर नोंदीवर त्याचा भार नगण्य उरतो. पाचशेवरून पाच हजारांवर गेल्याने वाचतात जेमतेम २ सेकंद.

त्या दोन सेकंदांची किंमत मेमरीत मोजावी लागते. यादीतली ओळ लहान असते, पण प्रोग्राम तिच्यासोबत ग्राहकाचे खाते आणि जुनी बिलेही मेमरीत आणतो. असा सगळा पसारा नोंदीमागे १०० किलोबाइट धरला, तर पाचशेच्या बॅचला सुमारे ५० मेगाबाइट लागतात, पाच हजारांच्या बॅचला ५०० मेगाबाइट आणि साठ हजार एकदम उचलल्या तर ६ गिगाबाइट. ५१२ मेगाबाइटची मर्यादा घातलेला प्रोग्राम पाच हजारांवरच गुदमरतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम तो मध्येच बंद पाडते. एक फसवा प्रकारही आढळतो. बॅच लहान असूनही मेमरी हळूहळू चढत राहते, कारण काम संपलेल्या नोंदी प्रोग्रामने कुठल्या तरी यादीत धरून ठेवलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. दर बॅचनंतर मेमरीचा वापर पूर्वीच्या पातळीच्या आसपास परतला पाहिजे. तो परतत नसेल तर दोष आकाराचा नाही, आणि आकार कमी केल्याने बिघाड फक्त लांबणीवर पडतो.

मोठ्या बॅचचा त्रास इतरांनाही होतो. कमिट होईपर्यंत बदललेल्या ओळींवर लॉक राहते. पाचशेच्या बॅचमध्ये ते फार तर सेकंदभर टिकते, पाच हजारांच्या बॅचमध्ये दहा सेकंदांपर्यंत. तेवढा वेळ त्याच खात्यावर दुसऱ्या कोणाला काही बदल करायचा असेल तर त्याचा पडदा गोठतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर एकाच आदेशाने एका टेबलवर ५,०००च्या आसपास लॉक घेतली की ती वाढून सबंध टेबलवर लागू शकतात.

तरीही आकार खऱ्या अर्थाने ठरतो तो बिघाडावरून. समजा, हजारात एक नोंद सदोष आहे: खाते क्रमांक चुकलेला किंवा रक्कम रिकामी. साठ हजारांत अशा साधारण साठ. बॅचमधली एक नोंद अडली की सगळी बॅच मागे फिरते, म्हणजे रोलबॅक होते. शंभरच्या बॅचमध्ये निदान एक सदोष नोंद असण्याची शक्यता सुमारे साडेनऊ टक्के आहे, पाचशेच्या बॅचमध्ये ३९ टक्के आणि पाच हजारांच्या बॅचमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त. पाच हजारांच्या बाराही बॅच बहुधा कोसळतात. रात्रभर यंत्र चालते आणि सकाळी पूर्ण झालेली नोंद एकही नसते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कोसळलेली बॅच एकेक नोंद घेऊन पुन्हा चालवणे. इथे वरचा हिशेब उलटतो. पाचशेच्या १२० बॅचपैकी सुमारे ४७ कोसळतात, म्हणजे साडेतेवीस हजार नोंदी पुन्हा एकेक कराव्या लागतात. एकूण वेळ साडेदहा मिनिटांवर जातो. शंभरच्या आकाराला हेच सारे धरून सव्वाचार मिनिटे लागतात आणि पन्नासच्या आकाराला साडेतीन. दहापर्यंत खाली आले की वेळ पुन्हा वाढून सव्वाचारच्या आसपास जातो. कागदावर शंभर आणि पाचशेपेक्षा संथ वाटलेला पन्नासचा आकार इथे सरस ठरतो.

आकार मोठाच ठेवायचा असेल तर कोसळलेली बॅच निम्मी-निम्मी करत जावी. पाचशेतली एक सदोष नोंद नऊ विभागण्यांत एकटी पडते आणि ११ सेकंदांऐवजी अडीच सेकंदांच्या आतच काम भागते. प्रोग्राम थोडा गुंतागुंतीचा होतो, एवढाच तोटा.

पुढची बॅच कशी उचलावी, यात एक हमखास चूक होते. पहिल्या पन्नास झाल्या, आता `OFFSET 50` देऊन पुढच्या घ्याव्या, असे वाटते. पण झालेल्या नोंदी आता ‘पेंडिंग’ नसतात, यादी आपोआप पुढे सरकलेली असते. त्यामुळे प्रत्येक वेळी पन्नास नोंदी वगळल्या जातात आणि अखेरीस जवळजवळ निम्मे काम शिल्लक राहते, कुठलीही त्रुटी न दाखवता. शेवटच्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवणे हा खात्रीचा मार्ग:

```sql
SELECT id, khate_id, rakkam
FROM bharana
WHERE sthiti = 'pending' AND id > :last_id
ORDER BY id
LIMIT 50;
```

क्रमांकाची अट नसेल तर आणखी एक अडचण उद्भवते. सदोष नोंदी ‘पेंडिंग’च राहून दर वेळी यादीच्या तोंडाशी येतात, आणि त्या पन्नास झाल्या की काम जागच्या जागी फिरत राहते. म्हणून प्रयत्नांची संख्या नोंदीतच लिहावी आणि तीन प्रयत्नांनंतर स्थिती ‘अडलेली’ करून, कारणासह, नोंद बाजूला काढावी.

रोलबॅकची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. डेटाबेसमधला बदल मागे फिरतो, ग्राहकाला गेलेला एसएमएस फिरत नाही. भरणा जमा करताना त्याच बॅचमध्ये संदेशही पाठवला, तर बॅच कोसळून पुन्हा चालताच तोच संदेश ग्राहकाला दुसऱ्यांदा मिळतो. अशी कामे कमिट झाल्यानंतर, स्वतंत्र फेरीत करावीत.

वरचे सगळे आकडे एका विशिष्ट कामाचे आहेत. दुसऱ्या कामासाठी तीनच गोष्टी मोजाव्या लागतात: बॅचमागचा ठरलेला खर्च, एका नोंदीचा वेळ आणि हजारात सदोष नोंदी किती. नोंदी स्वच्छ असतील तर पाचशेचा आकार निर्धास्त घ्यावा. बाहेरून आलेल्या, न तपासलेल्या यादीसाठी पन्नासपासून सुरुवात करणे बरे.